‘न दिल्याखेरीज रद्द करता येणार नाही’: अट तशीच ठेवायची, उलटवायची की फोडायची?

वरूड-मोर्शीकडं संत्र्याचा आंबिया बहार झाडावर असतानाच बगीच्याचे सौदे होतात. व्यापारी येतो, झाडं पाहतो, बोली होते, बयाणा हातात पडतो आणि मग कोणीतरी स्टॅम्पपेपरवर कागद करतो. तो कागद बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या कागदावरून उतरवलेला असतो. म्हणून एकच वाक्य गावोगाव फिरत राहतं:

“खरेदीदाराने दि. ३१ ऑक्टोबरपर्यंत दुसरा हप्ता न दिल्याखेरीज विक्रेत्यास सदर सौदा रद्द करता येणार नाही.”

माझ्या एका काकांनी असाच कागद माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले, “हे काहून असं लिहिलं बापा? रद्द करता येते का नाई, एवढंच सांग.” सौदा सहा लाखांचा उक्ता, बयाणा एक लाख, दुसरा हप्ता तीन लाख, बाकीचे दोन तोडणी चालू असताना. सही अजून व्हायची होती, त्यामुळं वाक्य बदलायला वाव होता. कसं बदलायचं याचे मात्र चार रस्ते निघतात, आणि त्यातले तीन अर्थाला कुठं ना कुठं धक्का लावतात.

आधी मूळ वाक्याची गाठ पाहू. त्यात नकार तीन आहेत: ‘न दिल्या’, ‘खेरीज’ आणि ‘येणार नाही’. ‘खेरीज’ म्हणजे ‘हे सोडून’. तेव्हा वाक्य सांगतं असं: रद्द करायला बंदी आहे, आणि त्या बंदीतून एकच वाट सोडली आहे, ती म्हणजे हप्ता चुकणं. ‘रद्द करायचा असेल तर हप्ता चुकलेला असलाच पाहिजे’ एवढं नक्की आहे. हप्ता चुकला की सौदा आपोआप मोडतो, असं मात्र त्यात कुठंही म्हटलेलं नाही. सोपं करताना हाच फरक सगळ्यात आधी हरवतो.

आता सोपी केलेली रूपं.

आपोआप: “३१ ऑक्टोबरपर्यंत दुसरा हप्ता आला नाही तर सौदा रद्द होईल.”

उलट: “३१ ऑक्टोबरपर्यंत दुसरा हप्ता दिला तर विक्रेत्याला सौदा रद्द करता येणार नाही.”

मुभा: “३१ ऑक्टोबरपर्यंत दुसरा हप्ता आला नाही तर विक्रेता सौदा रद्द करू शकतो.”

फोड: “(१) ३१ ऑक्टोबरचा दिवस संपेपर्यंत विक्रेता सौदा रद्द करू शकत नाही. (२) त्या दिवसापर्यंत दुसरा हप्ता पूर्ण आला, तर त्यानंतरही विक्रेता सौदा रद्द करू शकत नाही. (३) पूर्ण आला नाही, तर सौदा चालू ठेवायचा की रद्द करायचा हे विक्रेता ठरवेल. रद्द केल्याचं तो लेखी कळवेपर्यंत सौदा चालू राहील.”

पारखायची माझी रीत साधी आहे. नुसती वाक्यं शेजारी ठेवून वाचायची नाहीत, त्यांना प्रसंग विचारायचे. बगीच्यात खरोखर येऊ शकतील असे चार प्रसंग घेतले आणि प्रत्येक रूपाला विचारलं. ‘गप्प’ म्हणजे त्या प्रसंगाबद्दल ते रूप काहीच बोलत नाही, मग उत्तर कायद्यात किंवा भांडणात शोधावं लागतं.

| प्रसंग | मूळ | आपोआप | उलट | मुभा | फोड |
|---|---|---|---|---|---|
| २० ऑक्टोबर आहे, हप्ता यायचा आहे. विक्रेत्याला रद्द करता येईल? | नाही | गप्प | गप्प | गप्प | नाही |
| हप्ता वेळेत आला; विक्रेत्याला दुसऱ्या कारणाने रद्द करता येईल? | नाही | गप्प | नाही | गप्प | नाही |
| हप्ता चुकला. विक्रेत्याला रद्द करता येईल? | हो, पण सुचवलेलं | रद्द झालाच | गप्प | हो | हो |
| हप्ता चुकला. विक्रेत्याला सौदा टिकवायचा आहे | टिकतो | संपला | टिकतो | टिकतो | टिकतो |

‘आपोआप’ हे रूप ऐकायला सगळ्यात सरळ, आणि शेतकऱ्याला सगळ्यात महाग पडू शकणारं. ऑक्टोबरमध्ये भाव कोसळला असं धरा. सहा लाखांचा बगीचा आता चार लाखांचा वाटतो. व्यापाऱ्याला सौद्यातून निघायचं आहे. मूळ वाक्यात तो अडकलेला आहे, कारण रद्द करायचं की नाही हे विक्रेत्याच्या हातात आहे. ‘आपोआप’मध्ये त्यानं फक्त हप्ता द्यायचा नाही, सौदा त्याच्याच चुकीनं संपतो आणि बयाण्याबद्दल कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तोही मागायला तो उभा राहतो. ज्या अटीनं व्यापाऱ्याला बांधायचं होतं, तिच्यातूनच त्याला दार मिळतं.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सुद्धा इथं मूळ वाक्याच्या बाजूला झुकतं. वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि एकानं ती चुकवली, तर दुसऱ्याला करार रद्द ठरवण्याचा पर्याय मिळतो. करार स्वतःहून मरत नाही. तेव्हा ‘होईल’ आणि ‘करू शकतो’ या दोन शब्दांत अख्खा हक्क बदलतो.

‘उलट’ हे रूप तर्काच्या वहीत शंभरपैकी शंभर गुण घेईल असं वाटतं, कारण ‘हप्ता चुकल्याशिवाय रद्द नाही’ आणि ‘हप्ता दिला तर रद्द नाही’ एकच म्हणतात. तरी दोन जागा रिकाम्या राहतात. एक, २० ऑक्टोबरला हप्ता दिलेलाही नाही आणि चुकलेलाही नाही. मूळ वाक्यात तेव्हा बंदी आहे, ‘उलट’मध्ये काहीच नाही. दुसरी जागा जास्त मोठी. हप्ता चुकल्यावर विक्रेत्याला काय करता येईल, हे मूळ वाक्य निदान सुचवतं. ‘उलट’ तेही पुसून टाकतं. आणि कायदा ती जागा शेतकऱ्याच्या बाजूनं भरत नाही. झाडावरचं फळ विकणं हा माल विकण्याचाच व्यवहार धरला, तर मालविक्री कायदा, १९३० चं कलम ११ सांगतं की करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर पैसे देण्याची वेळ हा कराराचा गाभा मानला जात नाही. म्हणजे नुसता उशीर झाला म्हणून सौदा मोडता येईलच असं नाही. हा हक्क हवा असेल तर तो कागदावर उघड लिहावा लागतो. (गंमत म्हणजे हे कलमही ‘असं दिसत नसेल तर मानलं जात नाही’ याच चालीचं आहे.)

‘मुभा’ हे रूप मला आधी पुरेसं वाटलं होतं. काकांनाही. हक्क स्पष्ट, मर्जी विक्रेत्याची, वाक्य एका दमात वाचून होतं. त्यात गेला तो ‘एकच’. हप्ता चुकला तर रद्द करू शकतो, बरोबर. पण इतर कारणांनी? मूळ वाक्यानं ती दारं बंद केली होती, ‘मुभा’नं ती लोटून ठेवली. समजा व्यापाऱ्यानं तीन लाख वेळेत दिले, पण तोडणीला माणसंच आणली नाहीत. डिसेंबर संपत आला, फळं झाडावर, आणि पुढच्या आंबियासाठी झाडांना पाण्याचा ताण द्यायची वेळ निघून चालली. मूळ वाक्य जसं लिहिलंय तसं वाचलं तर काकांना सौदा मोडता येत नाही. ‘मुभा’मध्ये निदान वाद घालता येतो. काकांना हे आवडलंच. पण हे सोपं करणं नव्हे, विक्रेत्याच्या बाजूनं अट बदलणं आहे. व्यापारी जागा असेल तर तो पकडेल, आणि झोपेत सही करून नंतर जागा झाला तर भांडण कोर्टात जाईल. तोडणीची मुदत हवी असेल तर ती वेगळी अट म्हणून समोरासमोर मागावी.

राहिली ‘फोड’. लांब आहे, तीनदा वाचावी लागते, स्टॅम्पपेपरवर जागा खाते. पण चारही प्रसंगांत मूळ वाक्याशी जुळते, आणि तिसऱ्या प्रसंगात मुळात फक्त सुचवलेलं होतं ते उघड लिहिते. तीन वाक्यं कुठून आली तेही पाहा. एक मुदतीच्या आधीच्या काळाचं, दुसरं हप्ता आल्यावरचं, तिसरं चुकल्यावरचं. काळाचा कुठलाच तुकडा मोकळा राहत नाही. ‘पूर्ण’ हा शब्द मी घातला, कारण तीनपैकी अडीच लाख देऊन “दिला ना हप्ता” म्हणणारे भेटतात. ‘दिवस संपेपर्यंत’ही त्यासाठीच, ‘३१पर्यंत’ म्हटलं की ३१ धरायची की सोडायची यावर दोन मतं होतातच.

कागद तपासताना मराठीतला एक चकवा लक्षात ठेवावा लागतो. “जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत माल तोडू देणार नाही” यात दोन ‘नाही’ दिसतात, पण हा उलटा-सुलटा नकार नाही. ‘जोपर्यंत... नाही तोपर्यंत’ ही आपली बोलायचीच रीत आहे. इथं नकार मोजून दोन खोडले तर “पैसे मिळतील तोपर्यंत माल तोडू देईन” असं भलतंच होऊन बसतं. ‘शिवाय’ही तसाच: ‘संमतीशिवाय’ म्हणजे संमती नसताना, आणि ‘याशिवाय’ म्हणजे बहुधा आणखी वर. म्हणून खोडरबर हातात घेण्याआधी प्रसंग विचारायचे.

काही दुहेरी नकार उघडूच नयेत. “विक्रेता विनाकारण संमती नाकारणार नाही” याचं “विक्रेता संमती देईल” केलं, तर योग्य कारण असतानाही नाकारायचा हक्क गेला. ‘अपात्र नाही’ म्हणजे ‘पात्र’च असंही नाही, मध्ये ‘अजून ठरलेलं नाही’ ही जागा असते. तिथं मूळ शब्द राहू द्यावेत. सही झालेल्या कागदातही आपल्या मनानं काही सोपं करू नये. दोघांनी मिळून नवा पुरवणी कागद करावा, नाहीतर दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी राहतात. मूळ वाक्य ठेवून खाली ‘म्हणजेच...’ लिहायची पद्धतही मी त्याच कारणानं टाळतो.

मग कोणी काय निवडावं? सही व्हायची असेल आणि रक्कम बुडाली तर झेपण्यासारखी नसेल तर फोड. दहा-वीस हजारांचा, ओळखीतला व्यवहार असेल तर ‘मुभा’ चालेल, पण ‘फक्त याच कारणानं आणि मुदत संपल्यावरच’ एवढे शब्द तिच्यात घालावेत. ‘आपोआप’ दोघांनाही खरोखर तसंच हवं असेल तरच.

काकांनी फोड घेतली. व्यापाऱ्यानं ती दोनदा वाचली आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं: “तुम्ही कळवेपर्यंत सौदा चालू. म्हणजे मी किती दिवस लटकून राहायचं?” प्रश्न रास्त होता. मूळ वाक्यात ही मुदत नव्हतीच, फक्त तीन नकारांच्या धुरळ्यात ती नाही हे कोणाला दिसलं नव्हतं. दोघं बराच वेळ बोलले. शेवटी सात दिवस ठरले, त्यात कळवलं नाही तर हप्ता चुकल्याच्या कारणानं रद्द करायचा हक्क संपेल असं. ही नवी अट होती, म्हणून ती चौथ्या क्रमांकावर वेगळी लिहिली आणि तिच्यापुढं दोघांच्या सह्या घेतल्या.