दम्याचा झटका की पॅनिक अटॅक? दमेकऱ्याच्या घरात रात्री कसं ठरवायचं

ज्याला दमा नाही, त्याला अचानक धाप लागली तर डॉक्टर बरेचदा दोन-चार प्रश्नांत उलगडा करतात. पण दमा आधीपासून असेल तर पंचाईत होते. छाती आवळणं, धाप, धडधड, घाम, ‘आता काही खरं नाही’ ही भावना, हे सगळं दोन्हींत असतं. वर दमेकऱ्यांमध्ये पॅनिकचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आढळतं. त्यामुळे ‘हिला दमा आहे, म्हणजे हा दमाच’ किंवा ‘ही जरा घाबरट आहे, म्हणजे हे मनाचं’ असं स्वभावावरून ठरवणं दोन्हीकडून अंगाशी येतं. इथे निदान झालेला दमा असलेल्या मोठ्या माणसांपुरतंच बोलतो. लहान मुलांचं आणि सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं गणित निराळं आहे.

आधी श्वास कुठे अडतोय ते पाहा. दम्यात फुप्फुसातल्या बारीक नळ्या आकसतात, आतून सुजतात आणि कफाने भरतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून उच्छ्वास लांबतो, शिट्टीसारखी घरघर येते, माणूस पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकून बसतो, खांदे वर चढतात. पॅनिकमध्ये नळ्या मोकळ्या असतात आणि तक्रार उलटी असते: ‘श्वास पुरत नाही, आत भरतच नाही.’ माणूस भराभर श्वास घेतो, मध्येच मोठा उसासा टाकतो, जांभई देतो. या जादा श्वासांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळेच ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, क्वचित बोटं आखडतात. मुंग्या हा पॅनिकचा बराच बोलका पुरावा आहे, पण एकट्याने निकाल देण्याइतका नाही. दम्याच्या झटक्याच्या सुरुवातीलाही माणूस जोरजोरात श्वास घेतो आणि तेव्हाही मुंग्या येऊ शकतात.

घरघरीचंही तसंच. ती ऐकू आली तर दम्याकडे बोट दाखवते, पण ऐकू न येणं ही सुटका नव्हे. नळ्या फारच आवळल्या की आवाज काढण्याइतकीही हवा हलत नाही. मघाशी घरघरणारी छाती एकदम शांत झाली आणि माणूस मात्र थकत चाललाय, ही सगळ्यात वाईट खूण.

वेळेवरून अंदाज येतो. पॅनिक सहसा काही मिनिटांत, फार तर दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागतो. दम्याला बहुधा पूर्वपीठिका असते: दोन दिवसांची सर्दी, रात्रीचा खोकला, धूळ किंवा फटाक्यांचा धूर, पंपाची वाढलेली गरज. पहाटेची वेळ दम्याची खरी, पण पॅनिकही झोपेतून उठवतो. त्यात खोकला नसतो. माणूस दचकून, भीतीनेच जागा होतो.

एवढं जुळवूनही शंका उरतेच. ती मिटवणारं साधन म्हणजे पीक फ्लो मीटर: प्लास्टिकची नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहून किंवा ताठ बसून पूर्ण श्वास भरायचा, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा धरायचा. त्याआधी, तब्येत उत्तम असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा ठाऊक हवा. दुसऱ्याचा उपयोगी नाही. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असाल तर नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. 50 ते 80 म्हणजे दमा बिघडतोय. 50 च्या खाली म्हणजे तातडीचं.

उदाहरण घेऊ. एका बाईंचा सर्वोत्तम आकडा 380 आहे. पहाटे साडेतीनला त्या खाटेच्या कडेला वाकून बसल्यात, दोन दिवसांपासून खोकला आहे, नवऱ्याला सांगतात, ‘खिडकी... जरा... उघडा.’ फुंकलं: 220, 210, 220. म्हणजे 58 टक्के, आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. हा दमाच. वाक्यही तुटतंय, म्हणून आधी 108 ला फोन. मग स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून साल्ब्युटामॉलच्या पंपाचे चार दाब, एकेक करून, प्रत्येक दाबानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबून पुन्हा चार. वीस मिनिटांनी आकडा 300 झाला, वाक्य पूर्ण होऊ लागलं. तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण पंपाचा असर उतरला की सूज तिथेच असते.

काही आठवड्यांनी त्याच बाई, संध्याकाळी, सासऱ्यांना दवाखान्यात दाखल केल्याचा फोन येतो. पाच मिनिटांत धाप, धडधड, बोटांना मुंग्या. पण बोलणं सलग: ‘मला काहीतरी होतंय हो, मी मरणार आता, आधी डॉक्टरांना फोन लावा.’ फुंकलं: 300, 350, 365. पहिला आकडा घाबरलेल्या अर्धवट फुंकीचा होता; जोर लागला तसा वर गेला. 365 म्हणजे 96 टक्के. असे चढते, विखुरलेले आकडे दिसले तर दोष फुंकीत असू शकतो. खालीच आणि एकसारखे राहिले तर नळ्यांत.

बरेच जण इथे ऑक्सिमीटरवर विसंबतात. 98 दिसलं की हुश्श. पण दम्यात ऑक्सिजन उशिरा घसरतो. आकडा चांगला असतानाही झटका जोरात असू शकतो. म्हणजे 92 च्या खाली गेला तर धावायचं, पण वर आहे म्हणून दमा नाही असं म्हणायचं नाही. नेलपॉलिश आणि गार बोटं आकडा फसवतात, ते वेगळंच.

‘पंप घेऊन बघू, बरं वाटलं तर दमा’ ही परीक्षाही कच्ची आहे. पंपाचा असर दिसायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पॅनिक आपसूक उतरू लागतो. श्रेय पंपाला. उलट साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. म्हणून पंपाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फुंकायचं. बरं वाटलं की नाही हे विचाराच, पण आकडा वाढला का ते पाहा.

मीटर घरात नसेल, किंवा फुंकायचीच ताकद नसेल, तर दमा धरूनच चाला. पॅनिकमध्ये पंपाचे चार दाब घेतले तर थोडा वेळ धडधड वाढेल, एवढंच. दम्याला पॅनिक समजून ‘शांत हो’ म्हणत बसलात तर जीव जाऊ शकतो. याच कारणाने कागदी पिशवीत श्वास घ्यायला कधी लावू नका. दमेकऱ्याचा आधीच कमी होत चाललेला ऑक्सिजन त्याने आणखी घटतो. तुमचा आराम देणारा पंप साल्ब्युटामॉलऐवजी फॉर्मोटेरॉलचा असेल तर किती दाब चालतील, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर, गुंगी, आकडा निम्म्याच्या खाली, किंवा चार-चार दाबांच्या दोन फेऱ्यांनंतरही आराम नाही: यातलं एकही दिसलं तर 108 लावा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा. हृदयविकाराची शक्यता धरून थेट दवाखाना गाठा.

आणि आकडा चांगला असूनही असे झटके परत परत येत असतील, तर तारीख, वेळ, आकडे आणि आधी काय घडलं हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. पॅनिकवर समुपदेशन आणि औषधं, दोन्ही आहेत. कधी तिसरंच निघतं: श्वास घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्याच मिटतात, घसा आवळतो, आवाज छातीतून येण्याऐवजी गळ्यातून येतो. त्यावर दम्याचे पंप कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही. त्याला घशाची दुर्बिणीतून तपासणी आणि श्वासाचे वेगळे व्यायाम लागतात.