जाहिरात की प्रतिनिधी: होमस्टेच्या ॲपसाठी ग्राहक मिळवण्याच्या दोन वाटा

दापोलीपासून मालवणपर्यंतच्या होमस्टेचालकांना खोल्यांचे आरक्षण, आगाऊ रक्कम आणि जेवणाच्या ऑर्डरी यांचा हिशेब ठेवून देणारे एक मासिक वर्गणीचे ॲप आहे, असे धरू. त्याच्या चालकासमोर ग्राहक मिळवण्याचे दोन मार्ग आहेत: मोबाइलवरील जाहिरात, किंवा गावोगाव फिरून ॲप सुरू करून देणारा प्रतिनिधी. खालील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. स्वतःचे आकडे घालून हीच मांडणी करता येईल.

वर्गणी 354 रुपये आहे. त्यातील 54 रुपये 18 टक्के जीएसटीचे असल्यामुळे ते आपले नव्हेत. उरलेल्या 300 रुपयांतून पेमेंट गेटवे, सर्व्हर, एसएमएस आणि फोनवरील मदत यांचे 60 रुपये वजा केले, की दरमहा दरग्राहक 240 रुपये हाती राहतात. पुढचा सगळा हिशेब या 240 रुपयांवरच करावा; 354 रुपये धरून केलेला हिशेब कागदावर देखणा दिसतो, पण बँकेतल्या शिलकीशी तो जुळत नाही.

| | जाहिरात | प्रतिनिधी |
|---|---|---|
| महिन्याचा खर्च | 60,000 | 36,000 |
| पैसे भरणारे नवे ग्राहक | 50 | 15 |
| एक ग्राहक मिळवण्याचा खर्च | 1,200 | 2,400 |
| मासिक गळती | 10 टक्के | 4 टक्के |
| ग्राहकाचे आजीवन मूल्य | 2,400 | 6,000 |

गळती म्हणजे दरमहा ॲप सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण. आजीवन मूल्य, म्हणजे सोडून जाईपर्यंत एका ग्राहकाकडून हाती राहणारी एकूण रक्कम, ही 240 भागिले गळती इतकी येते. प्रतिनिधीच्या खर्चात पगाराबरोबर पेट्रोल आणि प्रोत्साहन रक्कमही धरली आहे. जाहिरातीचा खर्च ॲप नुसते उतरवून घेणाऱ्यांच्या संख्येने भागू नये, कारण विनामूल्य महिना संपताच त्यांतले बरेचजण निघून जातात.

मूल्य आणि खर्च यांचे गुणोत्तर जाहिरातीसाठी 2, तर प्रतिनिधीसाठी 2.5 येते, म्हणजे प्रतिनिधी सरस ठरतो. मात्र या 2.5 च्या मागे ग्राहक सरासरी 25 महिने टिकेल हे गृहीतक आहे, आणि ज्या ॲपला सुरू होऊन वर्षही झालेले नाही त्याच्यापाशी त्याला पुरावा नसतो. म्हणून दोन्हींचे फक्त पहिल्या 24 महिन्यांतले उत्पन्न मोजले, तर जाहिरातीचा ग्राहक सुमारे 2,210 आणि प्रतिनिधीचा सुमारे 3,750 रुपये देतो. गुणोत्तरे अनुक्रमे 1.84 आणि 1.56 होतात आणि क्रम उलटतो. प्रतिनिधीचा फायदा खरा असेलही, पण तो दोन वर्षांच्या पलीकडे आहे.

परतफेडीचे महिने काढताना 1,200 ला 240 ने भागून पाच महिने सांगण्याची पद्धत आहे. तिच्यात मधल्या काळात सोडून गेलेल्यांचा विसर पडतो. गळती धरली, तर जाहिरातीचा खर्च सातव्या महिन्यात आणि प्रतिनिधीचा, दहाव्याऐवजी, तेराव्या महिन्यात वसूल होतो.

किनाऱ्यावर यात आणखी एक गुंता आहे, तो पावसाळ्याचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, समुद्र खवळतो, खोल्या रिकाम्या पडतात, आणि रिकाम्या खोल्यांसाठी वर्गणी कोण भरेल? ऑक्टोबरमध्ये जाहिरातीतून आलेल्या ग्राहकांचे पैसे एप्रिलमध्ये, म्हणजे मिरगाच्या आधीच, परत आलेले असतात. फेब्रुवारीत आलेल्यांकडून मात्र मे अखेरपर्यंत सरासरी 825 रुपयेच मिळतात. जूनच्या तोंडावर त्यांच्यातले निम्मे गेले आणि पुढे गळती पूर्ववत राहिली असे धरले, तर परतफेड थेट डिसेंबरवर जाते आणि आजीवन मूल्य 1,610 च्या आसपास उतरते. वर्षभराच्या सरासरी गळतीत हे दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक महिन्यात आलेल्या ग्राहकांची तुकडी वेगळी ठेवून तिच्यातले किती उरले हे दरमहा पाहावे लागते. खात्यात रक्कम नसल्याने ऑटोपे फसलेले ग्राहकही वेगळे मोजावेत, कारण त्यांना एका फोनवर परत आणता येते.

स्वतःच्या बचतीवर ॲप चालवणाऱ्याने माझ्या मते जाहिरात निवडावी, पण सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात, आणि जानेवारीपासून ती थांबवावी. ज्याच्याकडे वर्षभराहून अधिक काळ पुरणारे भांडवल आहे, त्याने एकाच तालुक्यात एक प्रतिनिधी नेमून 4 टक्क्यांची गळती पावसाळ्यातही टिकते का, हे आधी तपासावे. दोघांनीही जीएसटी सोडून 3,000 रुपयांची वार्षिक वर्गणी ठेवून पाहावी. वर्षाचा सुमारे 700 रुपयांचा खर्च जाऊन 2,300 रुपये उरतात. जाहिरातीचा खर्च त्यात पहिल्याच दिवशी निघतो आणि प्रतिनिधीचा जवळजवळ निघतो. मात्र त्या 700 रुपयांची सेवा अजून द्यायची असते, आणि गळतीचा खरा आकडा पुढच्या ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाच्या वेळीच कळतो.