तीन चलनांचं खातं, आठ महिने: स्टेटमेंट तपासून काय हाती लागलं

वागळे इस्टेटमध्ये आमचं चार जणांचं ड्रॉइंग ऑफिस आहे. कामं अमेरिका, जर्मनी आणि जपानची. आठ महिन्यांपूर्वी नौपाड्यातल्या एका बँकेत ईईएफसी खातं उघडलं, म्हणजे परदेशातून मिळालेले पैसे परकीय चलनातच ठेवायचं खातं. डॉलर, युरो आणि येन असे तीन कप्पे, तिन्ही एकाच लॉगिनवर. पैसे वेळेवर येतात, अॅप अडत नाही, शाखेतली माणसं फोन उचलतात. त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते स्टेटमेंटबद्दल, कारण या खात्याचा खरा खर्च तिथेच कळतो आणि बहुतेक जण ते उघडून बघत नाहीत.

पहिल्याच महिन्यात मी घाबरले होते. ३,४८० डॉलर रुपयांत बदलले. स्टेटमेंटवर दर ८५.३५ आणि खात्यात जमा २,९६,६५२.०० रुपये. गुणाकार केला तर २,९७,०१८ यायला हवेत. ३६६ रुपये कुठे गेले? रिलेशनशिप मॅनेजरना फोन केला, तर म्हणाले, “मॅडम, राउंडिंग आहे.” ते उत्तर पटलं नाही, आणि न पटणंच बरोबर होतं.

खरा हिशेब असा निघाला. चलन बदललं की बँक जीएसटी घेते आणि आमच्या बँकेने तो जमा रकमेतूनच वळता केला होता. हा कर पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का आणि एक ते दहा लाखांच्या मध्ये १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढंच मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. आमच्या रकमेला मूल्य आलं १,९८५.०५. त्यावर सीजीएसटी १७८.६५ आणि एसजीएसटी १७८.६५, म्हणजे ३५७.३०. एकदम १८ टक्के काढले तर ३५७.३१ येतात. तो एक पैसा मात्र खरोखरच राउंडिंगचा: दोन कर वेगवेगळे पूर्णांकित केले म्हणून पडलेला.

कापलेला कर जमा रकमेत पुन्हा धरला की रुपये झाले २,९७,००९.३०. त्याला ३,४८० ने भागलं की दर येतो ८५.३४७५. पीडीएफवर तोच ८५.३५ असा दोन दशांशांत छापलेला, सीएसव्ही उतरवली की चारही दशांश दिसतात. म्हणून माझी पहिली सूचना: तपासणी पीडीएफवरून करू नका. आणि कर आधी बाजूला काढा, नाहीतर दर ८५.२४ वाटतो आणि तुम्ही बँकेशी चुकीच्या मुद्द्यावर भांडता.

यातूनच मला एक मोजपट्टी मिळाली, जी मी आठ महिने वापरतेय. राउंडिंगने पडणाऱ्या फरकाला मर्यादा असते. दर दोन दशांशांत छापला असेल तर खरा दर त्याच्या अलीकडे-पलीकडे जास्तीत जास्त अर्धा पैसा असू शकतो. म्हणजे ३,४८० डॉलरवर फरक फार तर १७ रुपये ४० पैसे. चार दशांश असतील तर फार तर १७ पैसे. यापेक्षा एक रुपयाही जास्त असेल तर ते राउंडिंग नाही, कोणी काहीही सांगो. शीटमध्ये मी हे सूत्र घातलंय: D मध्ये परकीय रक्कम, E मध्ये दराचे छापलेले दशांश, F मध्ये कर वगळण्यापूर्वीचे रुपये, G मध्ये छापलेला दर.

```
=ABS(F2-D2*G2)<=D2*0.5*10^-E2+0.005
```

`FALSE` आलं की त्या ओळीला लाल रंग. येनच्या ओळींसाठी G ला १०० ने भागावं लागतं आणि E मध्ये दोन वाढवावे लागतात, कारण बँका येनचा दर शंभर येनला देतात.

डॉलर ते युरो बदलात गंमत वेगळी होती. २,००० डॉलर बदलले. नावे नोंदीत दर ०.८५३२, जमा नोंदीत १.१७२०, जमा १,७०६.४० युरो. दोन दर म्हणजे एकमेकांचे व्यस्त. पण २,००० ला १.१७२० ने भागलं तर १,७०६.४८ येतात. आठ सेंट मोजपट्टीच्या आत बसतात, म्हणून एकेक ओळ हिरवीच दिसते. आमच्या अकाउंटच्या काकूंनी मात्र सगळे फरक चिन्हासकट एका रांगेत मांडले. तेवीस बदलांपैकी एकवीसमध्ये फरक आमच्या विरुद्ध. राउंडिंग असतं तर कधी आपल्या बाजूने, कधी त्यांच्या बाजूने, साधारण निम्मं-निम्मं पडलं असतं. म्हणजे इथे व्यस्त दराचे पुढचे दशांश कापले जात होते. बँकेनेही नंतर ते मान्य केलं. एकूण रक्कम दीड युरोही नाही, म्हणून मी ताणलं नाही. उपाय सोपा आहे: बदलताना “किती डॉलर द्यायचे” याऐवजी “किती युरो हवेत” तो आकडा भरायचा. मग १.१७२० ने सरळ गुणाकार होतो.

खरा घोळ झाला परत आलेल्या पेमेंटमध्ये. एका जर्मन सॉफ्टवेअरच्या परवान्याचे १,१५० युरो पाठवले. युरोच्या कप्प्यात पैसे नव्हते, म्हणून डॉलरमधून गेले: दर १.१७८०, नावे १,३५४.७० डॉलर. खाते क्रमांकात चूक होती, पाच दिवसांनी पैसे परत आले: दर १.१५३५, जमा १,३२६.५३ डॉलर. तफावत २८.१७ डॉलर. मोजपट्टीप्रमाणे राउंडिंग एका नोंदीत सहा सेंटच्या वर जाऊ शकत नाही.

आता ही तफावत बाजाराची की बँकेची? त्यासाठी एफबीआयएल या बाजाराचे संदर्भ दर जाहीर करणाऱ्या संस्थेचा दर कामाला येतो. बँकांच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पाउंड, येन यांचे रुपयातले दर त्यांच्या साइटवर येतात. युरोच्या दराला डॉलरच्या दराने भागलं की युरो-डॉलर मिळतो. जातानाच्या दिवशी १.१७२२, परतीच्या दिवशी १.१७०९. बाजार हलला तो एवढाच, १,१५० युरोवर दीड डॉलर. पण जाताना बँकेने संदर्भापेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त लावला होता आणि परतीला दीड टक्का कमी. आमच्या करारात दोन्ही बाजूंना अर्धा टक्का आहे. विकताना आणि घेताना दर वेगळे असणार हे मान्य, टीटी सेलिंग आणि टीटी बाइंग तसेच असतात. प्रश्न मार्जिन वेगळं का, हा होता. अर्ध्या टक्क्याने दर १.१६५० च्या आसपास यायला हवा होता, म्हणजे १,३३९.७५ डॉलर.

ही तुलना पैशापैशाची नसते. संदर्भ दर दुपारचा, बँकेचा व्यवहार कदाचित सकाळी दहाचा. दहा-वीस सेंटांवरून भांडायचं नाही, पण इथे तेरा डॉलरचा फरक होता. मी मेलमध्ये चारच गोष्टी लिहिल्या: दोन्ही नोंदींचे संदर्भ क्रमांक, दोन्ही दर, दोन्ही दिवसांचे संदर्भ दर, आणि कराराचं कलम. उत्तर आलं की परतीच्या रकमांना सिस्टीम करारातला दर न लावता फलकावरचा सर्वसाधारण दर लावते. एकोणिसाव्या दिवशी १३.१० डॉलर जमा झाले. तेरा डॉलर लहान वाटतील, पण तोच टक्का दहा हजार युरोच्या परतीवर मोजून बघा.

खातं मी चालू ठेवलंय, कारण येनसाठी याच्याइतकं सोयीचं मला मिळालं नाही. एक गोष्ट मात्र खुपते. ईईएफसीच्या नियमानुसार महिन्यात आलेली शिल्लक पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरली नाही तर रुपयांत बदलावी लागते. ती आपोआप होणारी नोंद स्टेटमेंटवर दरासह येते, पण दर कितीचा, म्हणजे कोणत्या वेळचा, ते कुठेच छापत नाहीत. त्यामुळे २५ तारखेच्या आत मी स्वतःच दर विचारून बदलून घेते आणि वेळ वहीत लिहून ठेवते.