एकच मेलबॉक्स, चार यंत्रं: पॉप सोडून आयमॅपवर आल्यानंतरचे नऊ महिने

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. यजमान आणि माझे दीर मशीनवरचं काम बघतात. चौकशा, कोटेशन, पर्चेस ऑर्डर आणि ड्रॉइंगची सगळी मेल मी बघते. आमच्या स्वतःच्या डोमेनवर एक ईमेल पत्ता आहे आणि तो चार ठिकाणी उघडतो: ऑफिसचा डेस्कटॉप, दिरांचा फोन, माझा घरचा लॅपटॉप आणि स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर. साडेपाच वर्षं हे सगळं पॉपवर चाललं, म्हणजे प्रत्येक यंत्र सर्व्हरवरून मेल स्वतःकडे उतरवून घ्यायचं. नऊ महिन्यांपूर्वी आयमॅपवर आलो, त्यात मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळी यंत्रं तीच बघतात.

या बदलाला कारण ठरलं ते एक कोटेशन. पुण्याच्या एका ग्राहकाने बेअरिंग हाउसिंगच्या २०० नगांची चौकशी पाठवली. दीर त्या दिवशी बाहेरगावी होते, त्यांनी फोनवरूनच नगाला ४६० रुपये दर कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेस्कटॉप उघडला तर तीच चौकशी ठळक अक्षरांत, न वाचलेली म्हणून समोर. Sent मध्ये त्या ग्राहकाला गेलेलं काहीच नाही. मी हिशेब केला आणि ४३५ चा दर पाठवून दिला. ग्राहकाने अर्थातच माझा दर धरला. नगामागे २५ रुपये, म्हणजे ५००० रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते त्याचं विचारणं: "तुमच्याकडे दर नक्की कोण ठरवतं?"

दिरांची चूक नव्हती, माझीही नव्हती. पॉपची घडणच तशी आहे. पॉपमध्ये सर्व्हर म्हणजे टपालाची पेटी. प्रत्येक यंत्र तिथे जातं, पत्र उतरवून घेतं आणि पेटीतलं पत्र काढून टाकायचं की ठेवायचं एवढंच सर्व्हरला सांगून बाहेर पडतं. हे बोलणं अक्षरशः इतकं थोडक्यात असतं:

```
RETR 1
DELE 1
QUIT
```

पहिलं पत्र दे, ते काढायचं म्हणून खूण कर, मी निघालो. खरं पुसणं होतं ते QUIT नंतर. ‘हे पत्र वाचलं’, ‘याला उत्तर दिलं’ असं सर्व्हरला सांगायची सोयच या भाषेत नाही. सर्व्हरवरच्या इतर फोल्डरांचीही नाही, पॉपला फक्त Inbox दिसतो. त्यामुळे दिरांच्या फोनने चौकशी वाचली हे फोनलाच ठाऊक राहिलं. त्यांनी पाठवलेलं उत्तरही फोनच्या Sent मध्येच राहिलं, कारण मेल पाठवण्याचं काम एसएमटीपी करतं, ना पॉप ना आयमॅप. पाठवलेल्याची प्रत कुठे ठेवायची ते त्या त्या यंत्रातलं ॲप बघतं, आणि पॉप असेल तर ती यंत्रातच राहते.

आमच्याकडे डेस्कटॉपवर मेल बघायला थंडरबर्ड हे ॲप आहे आणि त्यात Leave messages on server ला टिक होती, मुदत १४ दिवस. ही टिक लावली की पॉपचा प्रश्न सुटतो असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. त्याने एवढंच होतं की चौदा दिवस प्रत्येक यंत्राला पत्राची स्वतःची प्रत घेता येते. दिवाळीत माझा लॅपटॉप तीन आठवडे बंद होता. उघडला तेव्हा सर्व्हरवर शेवटच्या चौदा दिवसांचीच मेल शिल्लक होती. त्याआधीच्या आठवड्याची मेल डेस्कटॉपने उतरवून घेऊन सर्व्हरवरून काढली होती, ती लॅपटॉपवर कधीच आली नाही. अशी भोकं पडत जातात आणि भोक पडलंय हे कळायला मार्ग नसतो.

आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहतं. यंत्र त्याकडे बघतं आणि हवी तर स्वतःजवळ एक प्रत ठेवतं, पण मूळ प्रत सर्व्हरची. प्रत्येक पत्राला सर्व्हरवरच खुणा असतात: वाचलेलं, उत्तर दिलेलं, तारा लावलेलं, काढायचं ठरवलेलं. दिरांनी फोनवर पत्र उघडलं की फोन सर्व्हरवर `\Seen` ही खूण करतो आणि डेस्कटॉपवर ते पत्र ठळक दिसायचं थांबतं. आज माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची खूण उत्तर दिल्याच्या बाणाची आहे. चौकशीपुढे बाण दिसला की मी आधी Sent बघते आणि मगच दर काढते.

बदल कसा केला ते सविस्तर सांगते, कारण इथेच माणसं मेल गमावतात. थंडरबर्डमध्ये जुन्या पॉप खात्याचं आयमॅप करता येत नाही, त्याच पत्त्याचं नवीन खातं जोडावं लागतं. आधी मी थंडरबर्ड बंद करून त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर, ज्यात सगळी मेल आणि सेटिंग असतात, बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. मग पॉप खात्यातल्या मेल आपोआप तपासायच्या दोन्ही टिका काढल्या, सुरू होताना तपासायची आणि दर दहा मिनिटांनी तपासायची. खातं मात्र ठेवलं, कारण जुनी मेल त्यातच होती. त्यानंतर नवीन आयमॅप खातं, पोर्ट `993`, SSL/TLS.

जुनी मेल ६ जीबी होती आणि सर्व्हरवर आमची जागा ५ जीबी. पॉपवर असताना या जागेचा विचारच करावा लागत नाही, कारण पेटी रिकामी होत राहते. आयमॅपवर ड्रॉइंगची प्रत्येक पीडीएफ त्या ५ जीबीत मोजली जाते. म्हणून गेल्या तीन वर्षांचीच मेल, सुमारे २ जीबी, वर चढवली आणि बाकीची डेस्कटॉपवर Local Folders मध्ये वर्षवार लावली. चढवताना पाचशे-पाचशे पत्रं निवडून Copy To केलं, Move नाही. मध्येच नेट गेलं तर कुठली पत्रं गेली आणि कुठली राहिली ते मोजून बघता येतं.

पहिले दहा-बारा दिवस छान गेले. मग Inbox मधली मेल गायब होऊ लागली. फोनवर नाही, लॅपटॉपवर नाही, डेस्कटॉपवरही नाही. मी घाबरले, होस्टिंगवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या बाजूने काहीच काढलेलं नाही. रात्री बसून नीट बघितलं तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. गायब झालेलं प्रत्येक पत्र चौदा दिवसांहून जुनं होतं. आणि मी ग्राहकवार फोल्डरांत हलवलेलं एकही पत्र गेलं नव्हतं, फक्त Inbox मधलीच गेली होती. फक्त Inbox ला हात लागतोय आणि तोही चौदा दिवसांनी, म्हणजे कुठेतरी पॉप अजून चालू आहे.

तो स्टोअरमधला कॉम्प्युटर निघाला. स्टोअरकीपर दादा तिथे डिस्पॅचच्या मेल बघतात आणि मी बदलाच्या गडबडीत ते यंत्र विसरलेच होते. तिथलं थंडरबर्ड ठरल्याप्रमाणे मेल उतरवून घेत होतं आणि चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढत होतं. सर्व्हरवरून पत्र गेलं की आयमॅपवाली सगळी यंत्रं ते गेलं असंच दाखवणार. सुदैवाने सगळी मेल त्या कॉम्प्युटरच्या पॉप खात्यात शाबूत होती, तिथे आयमॅप खातं जोडून परत वर चढवली. एकाच पेटीवर काही यंत्रं आयमॅपने आणि एखादं काढून टाकणाऱ्या पॉपने, हे मिश्रण नुसत्या पॉपपेक्षा वाईट. प्रत्येक यंत्रावर खात्याच्या Server Settings मध्ये जाऊन Server Type काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरा त्रास Sent चा झाला. डेस्कटॉप पाठवलेली मेल Sent मध्ये ठेवत होता आणि फोनच्या ॲपने सर्व्हरवर Sent Messages नावाचं वेगळंच फोल्डर तयार केलं. म्हणजे आयमॅप असूनही कोटेशनचा जुना घोटाळा पुन्हा होऊ शकला असता. फोनच्या सेटिंगमध्ये पाठवलेल्या मेलसाठी Sent हेच फोल्डर निवडून दिलं, तेव्हा कुठे ठीक झालं. मी आता नवीन यंत्र जोडलं की त्यावरून स्वतःलाच एक मेल पाठवते आणि ती बाकीच्या तिन्ही ठिकाणी Sent मध्ये दिसते का ते बघते.

तिसरा त्रास ऑफिसात सगळे एकत्र असतानाच यायचा. मेल येणं थांबायचं आणि कधी Maximum number of connections असा संदेश दिसायचा. थंडरबर्ड आयमॅपसाठी एका वेळी पाच जोडण्या उघड्या ठेवतं. ऑफिसच्या एकाच वायफायवर डेस्कटॉप, स्टोअर आणि माझा लॅपटॉप मिळून पंधरा, वर फोन. आमच्या सर्व्हरवर एका खात्याला एका आयपीवरून, म्हणजे एकाच नेट जोडणीवरून, दहाच चालतात. प्रत्येक थंडरबर्डमध्ये Server Settings, Advanced इथे पाचचे दोन केले. तेव्हापासून तो संदेश आलेला नाही.

आणि एक गोष्ट दिरांना समजावायला मला वेळ लागला. फोनची जागा भरली म्हणून त्यांनी एकदा बसून तीनशेच्या आसपास मेल काढल्या. पॉपच्या दिवसांत फोनवरून काढलं तर फोनवरूनच जायचं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव. आयमॅपवर ती सगळीकडून गेली. तासाभरात लक्षात आलं आणि Trash मधून परत आणली. "वहिनी, मला वाटलं फक्त माझ्याकडचीच जातील," असं ते बिचारे म्हणाले. आता फोनवर शेवटच्या महिन्याचीच मेल साठवायची असं सेटिंग केलंय. जागाही वाचते आणि सर्व्हरवरच्या मुळाला हात लागत नाही.

म्हणून आयमॅपला बॅकअप समजू नका. चारही यंत्रं एकच प्रत दाखवतात, ती गेली की चौघांकडून जाते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी डेस्कटॉपवर Inbox, Sent आणि ग्राहकांच्या फोल्डरांची Local Folders मध्ये प्रत काढते आणि ती हार्ड डिस्कवर ठेवते. वर्ष जुनी झालेली, मोठ्या ड्रॉइंगांची मेल त्यानंतरच सर्व्हरवरून काढते. सध्या ५ पैकी ३.१ जीबी भरली आहे.

पॉप कोणी ठेवावं? एकाच कॉम्प्युटरवर मेल बघणाऱ्याने, सर्व्हरवर जागा अगदी थोडी असेल तर. आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, ते फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल वाचतात आणि अशिलांची पत्रं सर्व्हरवर राहू नयेत असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांना मी पॉपच ठेवा म्हटलं, फक्त कॉम्प्युटरचा बॅकअप रोज घ्या.

पुण्याच्या त्या ग्राहकाची गेल्या महिन्यात परत चौकशी आली. दिरांनी फोनवर उघडली, तारा लावला आणि उत्तर न देता ठेवली. मी डेस्कटॉपवर तारा बघितला, त्यांना हाक मारून दर विचारला आणि एकच कोटेशन गेलं.