पहिला ताळेबंद कुणाचा: सुटे भागवाल्यांचा की कर्जवाल्यांचा?

पुण्यात बसून अभ्यासाला पहिली कंपनी निवडायची, तर चाकणची सुटे भाग बनवणारी घ्यावी की कर्ज देणारी फायनान्स कंपनी? माझं मत चाकणला. समजा, तिचा नफा 10 कोटी, पण कामकाजातून आलेली रोकड 3 कोटीच. घसारा, साठा वगैरे तूर्त बाजूला ठेवा आणि ताळेबंद उघडा: ग्राहकांकडची येणी 20 वरून 27 कोटींवर गेलेली. राहिलेले 7 कोटी तिथे अडकलेत. विक्री तेवढीच राहून येणी फुगत असतील, तर उधारी वसूल होत नाहीये, अशी शंका घ्यावी.

फायनान्स कंपनीत हाच ताळा फसवतो. वाटलेलं कर्ज कामकाजातलीच जावक धरतात, त्यामुळे धंदा वाढताना ही रोकड उणे दिसणं नेहमीचंच. तिथला नफा बुडीत कर्जांच्या तरतुदीवर हलतो, आणि ती तरतूद अंदाजाची असते.