‘२५ वर्षं वॉरंटी’ नेमकी कोणाची, कशाची?

सोलापुरातल्या एका बंगल्याच्या गच्चीवर डिसेंबर २०१८ मध्ये ३.३ किलोवॉटची सोलर यंत्रणा बसली. ३३० वॉटचे दहा पॉली पॅनल, एक ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर, नेट मीटर. कोटेशनवर ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘संपूर्ण सिस्टिमला २५ वर्षं वॉरंटी’. जून २०२४ मध्ये इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा घरमालकांनी हीच ओळ दाखवली. सोलरवाल्याने बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली: ‘वॉरंटी उत्पादकाच्या अटींनुसार’. इन्व्हर्टर कंपनीची अट होती पाच वर्षं. ती डिसेंबर २०२३ मध्येच संपली होती.

इथपर्यंतची कथा महाराष्ट्रात हजारो गच्च्यांवर सापडेल. पण या प्रकरणात पुढे जे निघालं, त्यातून प्रत्येक कागद नेमकं काय देतो आणि काय देत नाही ते कळतं.

पहिली गोष्ट उत्पादनाची. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर E-Total नावाचा आकडा असतो, म्हणजे बसवल्यापासून तयार झालेली एकूण वीज. घरमालक तो दर वर्षअखेरीस वहीत लिहून ठेवत. पहिल्या वर्षी साधारण ४,७०० युनिट, पाचव्या वर्षी ३,७५०. वीस टक्के घट. महावितरणच्या बिलावर हे दिसत नाही, कारण नेट मीटर फक्त आलेली आणि ग्रिडला गेलेली वीज मोजतो. घरात परस्पर खर्च झालेली त्याला कळत नाही. वही नसती तर ही घट कळलीच नसती.

सोलरवाल्याचं उत्तर ठरलेलं: “पॅनल जुने होतात हो, डिग्रेडेशन असतंच.” हे निम्मं खरं आहे आणि म्हणूनच पटतं. त्या काळच्या पॉली पॅनलच्या माहितीपत्रकात पहिल्या वर्षी २.५ टक्के आणि नंतर दरवर्षी ०.७ टक्के इतकी घट धरलेली असे. त्या हिशोबाने पाच-सहा वर्षांत ताकद ९४ टक्क्यांच्या आसपास असायला हवी. हल्लीच्या मोनो पर्क पॅनलना पहिल्या वर्षी २ आणि पुढे ०.५५ टक्के, तर टॉपकॉनना १ आणि ०.४ टक्के असे आकडे सर्रास दिसतात. कुठल्याही हिशोबाने पाच वर्षांत वीस टक्के बसत नाहीत. इतकी घट दिसली की आधी धूळ, सावली, जोडणी आणि इन्व्हर्टर तपासायचे. पॅनलच्या वयावर बोट सगळ्यात शेवटी.

एप्रिल-मे मधला आकडा पाहून घाबरायचं मात्र कारण नाही. पॅनलची ३३० वॉट ही ताकद सेल २५ अंशांवर असताना मोजलेली असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात सेल सहज ६० अंशांच्या वर जातो आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद कमी होते. म्हणजे भर दुपारी १४-१५ टक्के कमी दिसणं नैसर्गिक आहे. तुलना करायची ती एप्रिलची मागच्या एप्रिलशी, डिसेंबरशी नव्हे.

दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणी केली तेव्हा आधी पॅनल धुतले. त्यातच आठेक टक्के परत आले. मग डीसी आयसोलेटर हा स्विच बंद करून, पॅनलची एकापाठोपाठ जोडलेली रांग म्हणजे स्ट्रिंग सुटी करून, प्रत्येक पॅनलचा उघडा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजला. (हे काम स्वतः करू नका. भार चालू असताना पॅनलच्या तारांचा एमसी४ कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही आणि हात भाजतो.) आठ पॅनल ४१-४२ व्होल्ट दाखवत होते, एक २८ आणि एक जेमतेम १४.

हे आकडे स्वतःच रोग सांगतात. पॅनलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये तीन बायपास डायोड असतात आणि प्रत्येकाच्या ताब्यात पॅनलचा एक तृतीयांश भाग असतो. डायोड शॉर्ट झाला की तेवढा भाग कायमचा वगळला जातो. ४२ मधून एक तृतीयांश गेला की २८, दोन गेले की १४. एकूण तीस भागांपैकी तीन मेलेले, म्हणजे दहा टक्के. धूळ आठ, डायोड दहा आणि खरी झीज चारेक टक्के, एकमेकांवर गुणून: वीस टक्क्यांचा हिशोब पूर्ण झाला.

एकाच वेळी तीन डायोड का गेले? पॅनलच्या तारा इन्व्हर्टरआधी ज्यातून जातात तो डीसीडीबीचा डबा उघडला तर आत फ्यूज होते, एसपीडी नव्हता. कोटेशनमध्ये ‘डीसीडीबी विथ एसपीडी’ असं लिहिलेलं होतं. जवळपास वीज पडली की तिचा झटका तारांतून येतो. एसपीडी तो जमिनीत उतरवतो. तो नसेल तर झटका डायोड आणि इन्व्हर्टर यांच्यावर येतो. बाहेरून डबा तसाच दिसतो, त्यामुळे साहित्य ताब्यात घेताना झाकण उघडून फोटो काढल्याशिवाय हे समजत नाही. खरी फसवणूक इथे झाली होती. दोनेक हजारांच्या एका भागात.

आता पॅनल कंपनीकडे दावा. पॅनलला दोन वेगळ्या वॉरंट्या असतात आणि विक्रेते मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात. एक वस्तूची, म्हणजे काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स, सेलची जोडणी यांत कारखान्याचा दोष निघाला तर. ती बहुधा १० किंवा १२ वर्षांची असते. दुसरी उत्पादनक्षमतेची; २५ हा आकडा तिचा. डायोडचा दोष पहिल्या प्रकारात मोडतो आणि ती दहा वर्षांची वॉरंटी अजून चालू होती. कंपनीने मागितलं: लेबलचे फोटो, व्होल्टेजची नोंद, अर्थिंगचे फोटो आणि सिरियल नंबर असलेलं खरेदी बिल. बिलावर एकच ओळ होती: ‘सोलर पॉवर जनरेटिंग सिस्टिम ३.३ किलोवॉट, नग १’. सिरियल नंबर कुठेच नाहीत.

नंबर लेबलवरून कळवले, तर कंपनीने सांगितलं की ही खेप २०१६ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडली आहे. अनेक कंपन्यांच्या अटींत वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून किंवा माल पाठवल्यावर ठरावीक महिन्यांनी, यांतलं जे आधी असेल तेव्हापासून सुरू होते. इथे ती मुदत सहा महिन्यांची होती. पॅनल गच्चीवर चढायच्या आधीच दीड वर्षाची वॉरंटी गोदामात संपली होती. जुना माल स्वस्तात उचललेला, भाव मात्र नव्याचा.

शेवटी दावा नाकारला गेला तो दुसऱ्याच कारणावरून. विजेचा झटका आणि सदोष जोडणी, दोन्ही वॉरंटीतून वगळलेले. कंपनीचं म्हणणं, बसवणाऱ्याची चूक. बसवणाऱ्याचं म्हणणं, वीज पडली ती देवाची करणी आणि पॅनल कंपनीचे. ज्याने २५ वर्षांचं वचन कागदावर लिहिलं तो ते पाळणार नव्हता, आणि जी कंपनी पाळू शकत होती तिने हे वचन दिलंच नव्हतं.

समजा डायोडचा प्रश्न नसता आणि पॅनल खरंच झपाट्याने झिजले असते, तर ती २५ वर्षांची वॉरंटी कितपत कामाला आली असती? ३३० च्या ९४ टक्के म्हणजे ३१० वॉट. त्यातून मोजणीतल्या चुकीसाठी तीन टक्के सोडायचे असं बहुतेक अटींत असतं, म्हणजे पॅनल ३०१ वॉटच्या खाली गेला तरच दावा. मोजणी गच्चीवरची चालत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली लागते. समजा तो २९० वॉट निघाला. कमी पडले वीस वॉट. कंपनी काय देईल ते ती ठरवते: दुरुस्ती, बदली किंवा कमी पडलेल्या वॉटांची किंमत. वॉटला वीस रुपये धरले तर चारशे रुपये. पॅनल उतरवणं, पॅक करणं, पाठवणं, तपासणी, पुन्हा चढवणं हे सगळं बहुधा ग्राहकाच्या खर्चाने. म्हणून एकदोन पॅनलसाठी या वॉरंटीचा दावा कोणी सहसा करत नाही. केला तर तो परवडत नाही.

इन्व्हर्टरचं गणित वेगळं. पॅनलमध्ये हलणारं, लवकर झिजणारं काही नसतं, म्हणून तो पंचवीस वर्षं टिकू शकतो. इन्व्हर्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. इथे तो पश्चिमेच्या भिंतीवर, उघड्या उन्हात लावला होता. सावलीत, हवेशीर जागी असता तर आठ-दहा वर्षं सहज चालला असता. म्हणजे पॅनलच्या एका आयुष्यात इन्व्हर्टर निदान एकदा, बहुधा दोनदा बदलावा लागतो. साधारण तीस हजारांचा हा खर्च कोटेशनमधल्या ‘चार वर्षांत पैसे वसूल’ या तक्त्यात कधीच नसतो.

नवी यंत्रणा घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी बिलावर किंवा सोबतच्या पानावर प्रत्येक पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो प्रत्यक्ष लेबलशी ताडून पाहावा. तेच नंबर कंपनीला पाठवून वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते लेखी मागावं. काही इन्व्हर्टरना संकेतस्थळावर नोंदणी केली तरच पूर्ण मुदत मिळते, आणि ते काम सोलरवाला विसरतो. ‘संपूर्ण सिस्टिम’ हा शब्द खोडून पॅनल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, तारा आणि मजुरी यांच्यापुढे वेगवेगळी वर्षं लिहायला लावावीत. मजुरीसमोर पेन थांबला की समजून जा. पीएम सूर्यघर योजनेतून बसवणाऱ्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. पण त्यात धुणं, सुटे भाग आणि किती दिवसांत येणार हे करारात स्पष्ट आहे का ते वाचावं.

कोटेशन, बिल आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी एकत्र जपून ठेवा. सोलरवाल्याने स्वतःच्या लेटरहेडवर वचन दिलं असेल तर ग्राहक आयोगात ते त्याच्याविरुद्ध मांडता येतं, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरून करता येते.

सोलापुरात शेवटी नवा इन्व्हर्टर उत्तरेच्या भिंतीवर, एसपीडीसह लागला. ३३० वॉटचे पॉली पॅनल बाजारात उरले नव्हते आणि ५४० वॉटचे जुन्या स्ट्रक्चरवर मापात बसेनात, म्हणून स्ट्रिंग आठ पॅनलचीच ठेवली. ते दोन पॅनल अजून गच्चीत भिंतीला टेकवून आहेत.