सिम बदललं, ओटीपी थांबला आणि ८८ हजार गेले

ऐरोलीच्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन बुधवारी संध्याकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरच्या गर्दीत गेला. गुरुवारी सकाळी त्यांनी वाशीत जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. साडेअकराच्या सुमारास ते चालू झालं. घरात पडून असलेल्या मुलाच्या जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ते टाकलं, कॉल लागले, व्हॉट्सॲप सुरू झालं, इंटरनेटही चाललं. रात्री आठला घरपट्टीचे ६,२४० रुपये डेबिट कार्डाने भरायला बसले. कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं बरोबर टाकलं. ओटीपीचं पान उघडलं आणि ओटीपी आलाच नाही. तीन वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबून झालं. मग त्यांनी सर्चमध्ये बँकेचं नाव टाकून पुढे ‘कस्टमर केअर’ लिहिलं आणि वर जो दहा आकडी मोबाइल नंबर दिसला तो लावला. पुढच्या वीस तासांत खात्यातून ८८,४९९ रुपये गेले.

त्या रात्री मुळात बिघडलं काहीच नव्हतं. सिम बदललं की नव्या सिमवर चोवीस तास एसएमएस येणं आणि जाणं, दोन्ही बंद ठेवायचं, असा दूरसंचार विभागाचा कंपन्यांना आदेश आहे. हरवलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं, जुन्याचं ई-सिम केलं, तरी हेच होतं. कॉल आणि डेटा मात्र सुरू असतात, म्हणून माणसाला वाटतं सिम पूर्ण चालू झालंय. हा नियम आला तो सिम-स्वॅपच्या चोरीमुळे. भामटा खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं सिम स्वतः घेतो आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. चोवीस तासांची ही अट असली की मूळ मालकाला आपला फोन अचानक मुका झालेला कळायला वेळ मिळतो. मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या पोरांनी सिम देताना हे एका वाक्यात सांगायला हवं. बरेचदा सांगत नाहीत.

आता त्या फोनवरचं बोलणं. ‘बँकेच्या’ माणसाने आधी विचारलं, काय अडचण आहे? काकांनी सरळ सांगून टाकलं की ओटीपी येत नाही, सकाळीच नवीन सिम घेतलंय. समोरच्याला हवी ती माहिती याच वाक्यात मिळाली. उद्या साडेअकरापर्यंत या नंबरवर एकही एसएमएस येणार नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने ओटीपी मागितलाच नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका हं’ असं वर बजावलंही. काकांचा विश्वास बसला तो तिथेच.

मग त्याने व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी पाठवल्या. एक लिंक, ‘ओटीपी सेवा सुरू करण्याचा फॉर्म’. त्यात कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि जन्मतारीख भरायची. दुसरी, बँकेचा लोगो असलेली .apk फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट बसवायचं ॲप. ती बसवताना फोनने धोक्याचा इशारा दाखवला. ‘जुना फोन आहे ना, म्हणून दाखवतो, पुढे जा’ असं सांगून तो पार करून घेतला. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, आणि शेवटी आणखी एक चौकट आली: हे ॲप तुमचं नेहमीचं मेसेजचं ॲप करायचं का? काकांनी ‘हो’ दाबलं. ‘उद्या बारापर्यंत ओटीपी सुरू होईल, तोवर ॲप काढू नका,’ असं सांगून त्याने फोन ठेवला.

ही शेवटची चौकट नीट समजून घेण्यासारखी आहे. अँड्रॉइडमध्ये एसएमएसची परवानगी मिळालेलं कुठलंही ॲप आलेला मेसेज वाचू शकतं आणि इंटरनेटवरून पुढे धाडू शकतं. पण मेसेज पुसण्याचा अधिकार एकाच ॲपकडे असतो, ते म्हणजे नेहमीचं मेसेजचं ॲप. ती जागा दिली की येणारा मेसेज आधी त्याच्या हातात पडतो. तो दाखवायचा की गिळायचा हे तोच ठरवतो. शुक्रवारी साडेअकरानंतर एसएमएस सुरू झाले. ११:५२ ला ४९,९९९ रुपयांचा आणि ११:५५ ला ३८,५०० रुपयांचा व्यवहार झाला. दोन्हींचे ओटीपी आले, दोन्हींचे पैसे कापल्याचे मेसेजही आले, पण फोनवर काही वाजलं नाही. काका ‘ओटीपी अजून सुरू झाला नाही वाटतं’ म्हणत थांबले होते. दुपारी चारला मुलाने ईमेल उघडला तेव्हा बँकेची दोन पत्रं दिसली.

ओटीपी न येण्याचं खरं कारण शोधायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी कोणालाही फोन लावावा लागत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरला साधा एसएमएस पाठवायला सांगा. इथे एक मेख आहे. हल्ली गूगलचं मेसेज ॲप दोन्हीकडे असलं तर मजकूर बरेचदा इंटरनेटवरून, म्हणजे आरसीएसने जातो. तो पोचला की वाटतं एसएमएस चालू आहेत. म्हणून पाठवणाऱ्याने आधी डेटा आणि वायफाय बंद करावं, मगच पाठवावं. हा साधा मेसेजही आला नाही, तर अडचण सिममध्ये किंवा फोनमध्ये आहे, बँकेचा काही संबंध नाही. सिम गेल्या चोवीस तासांतलं असेल तर उत्तर मिळालंच. नसेल तर विमान मोड लावून काढा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा.

साधा मेसेज आला पण ओटीपी नाही, तर मग नजर ओटीपीच्या पानावर न्या. ज्या नंबरवर ओटीपी पाठवला त्याचे शेवटचे काही आकडे तिथे बहुधा लिहिलेले असतात. ते वापरात नसलेल्या जुन्या नंबरचे असतील, तर कितीही वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबून उपयोग नाही, आधी शाखेत किंवा एटीएमवर नंबर बदलावा लागेल. आकडे बरोबर असतील तर मेसेज ॲपमधला स्पॅमचा आणि ब्लॉक केलेल्यांचा कप्पा उघडा. कर्जाच्या जाहिराती ब्लॉक करताना बँकेचा पाठवणाराही ब्लॉक झालेला असतो, हे फार वेळा दिसतं. जाहिराती थांबवायला डीएनडी लावल्याने ओटीपी अडत नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. आणि ओटीपीचं पान उघडण्याआधीच व्यवहार नाकारला गेला, तर ती वेगळी गोष्ट: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर बंद असेल किंवा मर्यादा कमी असेल. हे चालू-बंद करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सक्तीची केली.

‘पुन्हा पाठवा’ लागोपाठ दाबू नये. उशिरा आलेल्या तीन ओटीपींपैकी शेवटचाच चालतो, लोक पहिला टाकतात, आणि ठरावीक चुकांनंतर कार्डाची ऑनलाइन सोय काही काळ अडकते. एकदा पाठवून दोन-तीन मिनिटं थांबा, मुदत संपली तर व्यवहार रद्द करून पुन्हा सुरुवातीपासून करा. ओटीपी टाकलाच नाही तर भारतातल्या साइटवर पैसे सहसा कापले जात नाहीत. ओटीपी टाकल्यावर पैसे कापले आणि पुढे पावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते.

काकांपुढे त्या रात्री सरळ वाटा होत्या. घरपट्टीची मुदत संपायला आठवडा होता, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत थांबता आलं असतं. पत्नीच्या फोनवरच्या यूपीआयने भरता आलं असतं, कारण त्याला तिचा पिन लागतो, यांचा ओटीपी नाही. स्वतःच्या फोनवर यूपीआय नव्याने लावायचा प्रयत्न मात्र फसला असता, कारण नोंदणी करताना त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि तोही बंद असतो. काही बँका ओटीपी नोंदवलेल्या ईमेलवरही पाठवतात. तो पर्याय असला तर ओटीपीच्या पानावरच दिसतो. आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाची खिडकी तर आहेच. बँकेशी बोलायचंच असेल तर नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो.

फॉर्मबद्दल एक गोष्ट सुटते. परदेशातल्या अनेक साइट्स भारतीय कार्डावर ओटीपी न मागताच पैसे घेतात. म्हणजे कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही गेला की ओटीपी सुरक्षित असूनही नुकसान होऊ शकतं. परदेशी वापराचं बटण बंद ठेवा. काकांचं बंद होतं, एवढंच नशीब.

असं काही बसवलं गेलं असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा, म्हणजे पुढे जाणारे मेसेज थांबतील. कार्ड बंद करणं आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कॉल हे दुसऱ्या फोनवरून करा. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि मेसेज किंवा ईमेलमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तिथे तेच विचारतात. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. फोन नंतर पूर्ण रीसेट करा, नुसतं ॲप काढून भागत नाही. आपल्या फोनवर संशय असेल तर सेटिंगमध्ये Default apps उघडून SMS app समोर कोणाचं नाव आहे ते पाहा.

मुलाने ४:२० ला १९३० लावला. ३८,५०० रुपये एका वॉलेटमध्ये पडून होते, ते गोठवले गेले. ४९,९९९ चे तोवर गिफ्ट व्हाउचर घेऊन झाले होते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेली रक्कम बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या अंगावर पडते, कळवल्यानंतरची बँकेच्या. काकांनी ओटीपी तोंडाने कोणाला सांगितला नव्हता, पण तपशील फॉर्ममध्ये त्यांनीच भरले होते आणि ॲपही त्यांनीच बसवलं होतं, या मुद्द्यावर बँकेने दावा नाकारला. बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांची तक्रार सध्या तिथे आहे.